दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाचा आहार : कॅल्शियमचा हिशेब कसा जुळवावा?

प्रश्न : माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे. त्याला दुधाची ॲलर्जी असल्याचे तपासणीत निघाले. अंडे चालते. दूध, दही, पनीर सगळे बंद केल्यावर कॅल्शियम आणि प्रथिने पुरेशी मिळतील असे दिवसभराचे काय द्यावे?

उत्तर :

माझ्या मुलीला सव्वा वर्षाची असताना हीच ॲलर्जी निघाली, आणि पुढची दोन वर्षे मी आहारतज्ज्ञांच्या मदतीने तिचा आहार मांडत होते. त्या अनुभवावरून आधीच सांगते की प्रथिनांची काळजी तुम्ही समजता तेवढी मोठी नाही. खरी अडचण कॅल्शियमची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज सुमारे १२ ग्रॅम प्रथिने आणि ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते.

आमच्या घरचा एक दिवस असा असे. सकाळी २५ ग्रॅम नाचणीच्या पिठाची लापशी, १५० मिलिलिटर सोया दुधात शिजवलेली. थोड्या वेळाने एक पूर्ण शिजलेले अंडे. दुपारी २० ग्रॅम मूगडाळीचे वरण आणि मऊ भात, त्यात बारीक चिरून शिजवलेली मूठभर मेथी (साधारण २० ग्रॅम) आणि चमचाभर भाजलेल्या तिळाची पूड. संध्याकाळी आणखी १०० मिलिलिटर सोया दूध. रात्री ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून.

यात नाचणीतून सुमारे ९०, अंड्यातून २५, डाळीतून १०, मेथीतून ५५ आणि तिळातून ४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, म्हणजे एकूण २२०. आणखी ३०० मिलिग्रॅम २५० मिलिलिटर सोया दुधातून येते, परंतु त्या दुधात कॅल्शियम वरून घातलेले असेल तरच. प्रथिने मात्र सोया दूध, भात आणि भाकरी न मोजताही १४ ग्रॅमच्या आसपास जातात. म्हणूनच सोया दूध घेताना पाकिटावर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लिहिलेले आहे का, हे पाहून घ्या. घरी सोयाबीन भिजवून काढलेल्या दुधात प्रथिने असतात, पण कॅल्शियम फारच थोडे असते. पाकीट प्रत्येक वेळी चांगले हलवा, कारण घातलेले कॅल्शियम तळाशी बसते. बदामाचे आणि तांदळाचे दूध या वयात मुख्य पेय म्हणून देऊ नका. त्यांत प्रथिने नावापुरतीच असतात.

नाचणीच्या बाबतीत माझी एक चूक झाली होती. मोड आणलेली नाचणी वाटून, कपड्यातून गाळून, आपल्याकडे जे सत्त्व करतात तेच मी कित्येक महिने देत होते. नाचणीचे बरेचसे कॅल्शियम तिच्या सालीत असते आणि गाळताना चोथ्याबरोबर तेच मी टाकून देत होते, हे आहारतज्ज्ञांनी विचारले तेव्हा मला कळले. त्यानंतर मी मोड आणलेली नाचणी वाळवून, हलकी भाजून, चोथ्यासकट बारीक दळून आणू लागले. मोड आणल्याने फायटेट कमी होते आणि कॅल्शियम थोडे अधिक शोषले जाते. पालक आणि माठ यांच्यावर मात्र विसंबू नका, कारण त्यांतल्या ऑक्झलेटमुळे कागदावर दिसणारे कॅल्शियम शरीराला फारसे मिळत नाही.

सोया आणि तीळ यांचीही काही मुलांना ॲलर्जी असते. म्हणून हे दोन्ही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि परवानगी मिळाल्यावर एकेक पदार्थ, मध्ये काही दिवस ठेवून, अगदी थोड्या प्रमाणात द्या. सोया चालत नसेल, तर वरच्या हिशेबातले ३०० मिलिग्रॅम स्वयंपाकघरातून भरून काढण्याचा हट्ट धरू नका. एवढ्याशा पोटात तेवढी नाचणी आणि तीळ मावत नाहीत. अशा वेळी डॉक्टर विशेष फॉर्म्युला किंवा कॅल्शियमचे औषध लिहून देतात. ते औषध लोहाच्या औषधाबरोबर एकाच वेळी देऊ नये, आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवायचे का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

शेळीचे दूध, म्हशीचे दूध किंवा लॅक्टोजविरहित दूध हे पर्याय नव्हेत. ॲलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते आणि ती प्रथिने या सर्वांत असतात. पाव, बिस्किटे आणि तयार लापशीच्या पाकिटांवर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘केसीन’, ‘व्हे’ हे शब्द शोधा. साजूक तुपातही प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत वरणावर मी शेंगदाण्याचे तेल घालत असे. दूध बंद झाल्यावर मुलाच्या पोटात जाणारी स्निग्धताही कमी होते, त्यामुळे दोन्ही जेवणांत एकेक चमचा तेल आवर्जून घाला आणि दर महिन्याला वजन व उंची तक्त्यावर नोंदवा. वजनाची रेषा सपाट होऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.