तीन महिने कोणालाच सांगायचं नाही का?

"ताई, वय 31, राहते घणसोलीला, ऑफिस ठाण्यात. मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात मिसकॅरेज झालं. प्रेग्नंट आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे गेलं हे तरी कोणाला सांगणार, चौथ्या दिवशी ट्रेन पकडून कामाला गेले. आता परत सातवा आठवडा चालू आहे. नवरा म्हणतो तीन महिने होईपर्यंत एक शब्द नको. मला निदान आईला सांगायचंय, पण मग सासूबाईंना कळलं तर? त्यांच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या महिन्यात नणंदेचं लग्न आहे, तिथे तर सगळे बघणारच. काय करू?"

आईला आजच फोन कर. बाकीच्यांचं बघू सावकाश.

नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नाहीये. प्रेग्नन्सी आहे असं कळलेल्या शंभरातल्या साधारण दहा ते वीस जणींचं मिसकॅरेज होतं आणि त्यातली बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच, म्हणून तो तीन महिन्यांचा नियम पडला. पण बारावा आठवडा संपला की धोका फट्कन बंद होतो असं काही नसतं गं, तो हळूहळू उतरत जातो, आणि बरंचसं उतरणं त्याच्या आधीच झालेलं असतं. आठव्या आठवड्याच्या आसपास सोनोग्राफीत ठोके नीट दिसले आणि ब्लीडिंग वगैरे काही नसेल तर बहुतेक जणींची प्रेग्नन्सी पुढे नीट जाते. वय आणि आधीचा इतिहास यांनी थोडाफार फरक पडतो, तो तुझ्या डॉक्टरना विचार. तेव्हा तुझा पहिला टप्पा बारावा आठवडा नाही, ही सोनोग्राफी आहे. आणि त्यात ठोके दिसले नाहीत तरी लगेच रडायला बसू नकोस, आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि ज्यांचं ओव्हुलेशन उशिरा होतं त्यांचा हिशोब आठ-दहा दिवसांनी मागे असू शकतो, म्हणून डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांनी परत बोलावतात आणि मगच काय ते सांगतात.

आणि सांगितल्याने दृष्ट लागून काही होत नाही. सुरुवातीला जी जातात त्यातली निम्म्याच्या आसपास गर्भाच्या क्रोमोझोममध्येच गडबड झालेली असते म्हणून जातात. तू ट्रेनमध्ये उभी राहिलीस म्हणून नाही, पपई खाल्लीस म्हणून नाही, आणि मावशीला कळलं म्हणून तर नाहीच नाही. सांगण्या न सांगण्याने फरक पडतो तो एवढाच की त्या दिवशी तुझ्याजवळ कोण असेल, आणि नंतर कोणाकोणाला उत्तरं द्यावी लागतील.

यातल्या दुसऱ्या भागाचा अनुभव माझ्याकडे आहे. मी तुझ्या बरोब्बर उलटं केलं होतं, पाचव्या आठवड्यात अख्ख्या नौपाड्यात पेढे. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला गेले तर ठोके नाहीत, ब्लीडिंग नाही, दुखणं नाही, मळमळसुद्धा चालूच, असंही होतं. घरच्यांनी सांभाळलं, ते ठीक, पण त्यानंतर दोन-अडीच महिने लोक विचारत राहिले. नेहमीच्या भाजीवालीने एकदा मेथी देता देता विचारलं, "ताई, कितवा?" मी म्हटलं पाचवा. सरळ खोटं बोलले, मेथी घेतली आणि घरी आले, नंतर कित्येक दिवस त्या बाजूला गेलेच नाही. म्हणजे आईला माहीत असण्याचा मला आधारच होता, त्रास झाला तो भाजीवालीला माहीत असण्याचा.

आपल्याकडे चोरओटी असते ना, तिसऱ्या महिन्यात घरातल्या दोन-चार बायका गुपचूप ओटी भरतात आणि गाजावाजा सगळा नंतर सातव्यात, डोहाळजेवणाला. कोणी का काढलं असेल कोण जाणे पण मला ते फार शहाणपणाचं वाटतं. तूही तसंच कर, फक्त तुझी चोरओटी आत्ताच. माणसं निवडताना एकच बघ, उद्या ब्लीडिंग सुरू झालं तर रात्री दोन वाजता मी हिला फोन करीन का? करीन, तर तिला आज सांग. तुझ्या पत्रावरून आई त्यात आहे. पण आई लांब राहत असेल तर घणसोली-कोपरखैरण्यातच एक मैत्रीण हवी जी पंधरा मिनिटांत पोचेल, आणि नवऱ्यालाही एक माणूस हवा, मागच्या वेळी तोही एकटाच होता, त्याचं कोणी विचारलं नसेल. त्या मैत्रिणीला हेही सांगून ठेव की हलकं स्पॉटिंग बऱ्याच जणींना होतं, ते डॉक्टरना फोन करून विचारायचं, पण तासाला पॅड भिजायला लागलं, पोटात एका बाजूला जोरात दुखायला लागलं, किंवा चक्कर आली तर विचारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. आणि तुझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर थोडंसं ब्लीडिंगही डॉक्टरना सांगायचंच, इंजेक्शन लागू शकतं.

आता सासूबाई. आईला सात आठवड्यांत कळलं आणि त्यांना बाराव्यात, हे कधी ना कधी बाहेर येणार आणि "माहेरी आधी सांगितलं" हे पुढची वीस वर्षं ऐकायला लागणार. म्हणून ठोके दिसले की त्याच संध्याकाळी त्यांना सांगायचं, आणि सांगायचं त्यांच्या मुलाने, तू नाही. साधं बोलायचं, "आई, ठोके दिसले, मागच्या वर्षी एक गेलं होतं तेव्हा तुला सांगितलं नाही, या वेळी सांगतोय, पण लग्नापर्यंत कोणाला बोलू नकोस." मागचं गेलेलं सांगितल्याशिवाय त्या गप्प बसणार नाहीत, नुसती आनंदाची बातमी दिली तर दहा मिनिटांत फॅमिली ग्रुपवर. ते सांगायचं की नाही हे मात्र तू ठरव, तुझं दुःख आहे, तुझ्या होकाराशिवाय त्याने बोलायचं नाही.

एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस यात होतो, तुझ्या तारखा बघता तो लग्नाच्या आगेमागेच येईल. जमलं तर आधीची अपॉइंटमेंट घे, रिपोर्ट चांगला आला तर मांडवात कोणी ओळखलं तरी बिघडत नाही. नाही जमलं तर केळवणाला ॲसिडिटी सांग, अर्धं ठाणं ॲसिडिटीवरच जगतंय, कोणी विचारत नाही.

ऑफिसमध्ये सगळ्यांना नको, पण ज्याच्याकडे रजा मागतेस त्या एकाला सांगायचा विचार कर, म्हणजे गर्दीची ट्रेन चुकवून उशिरा येता येईल. आणि हे मागच्या वर्षी तुला कोणी सांगायला हवं होतं, मिसकॅरेज झाल्यावर सहा आठवडे पगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून आहे, डॉक्टरचा कागद द्यावा लागतो. चौथ्या दिवशी ट्रेन पकडायची गरज नव्हती.

एक शेवटचं काम नवऱ्याला दे. काही वाईट झालंच तर ज्यांना माहीत आहे त्या सगळ्यांना एकच जण कळवेल, आणि "आठवडाभर फोन करू नका" हेही तोच सांगेल, हे आत्ताच ठरवून ठेवा. माझ्या वेळी ते फोन मीच केले होते, अकरा, आणि सातव्या फोनला समोरची रडायला लागली तर मीच तिची समजूत काढत बसले.