गळ्यावरच्या पुळ्या आणि उलटा हात

प्रश्न : दाढी केली की दुसऱ्या दिवशी गळ्यावर बारीक पुळ्या येतात आणि भयंकर खाज सुटते. ब्लेड बदललं, फोम बदलला, फरक शून्य. काय करू?

माझं सलून आहे, त्यामुळे असे गळे रोज बघतो. उजेडात आरसा धरून एक पुळी नीट निरखा. आत काळी रेघ किंवा बारीकसं वेटोळं दिसलं तर तो तुमचाच केस आहे, आत वळलेला.

कातडी ताणून उलटा हात मारला की केस तेवढ्यापुरता बाहेर ओढला जाऊन कापला जातो. कातडी सोडली की त्याचं तिरकं, टोकदार टोक आत जातं आणि वाढताना बाजूच्या कातडीत घुसतं. शरीराच्या लेखी तो काटाच, म्हणून सूज आणि खाज. दोन-तीन पात्यांचा रेझर न ताणताही जवळपास हेच करतो : पुढचं पातं केस ओढतं, मागचं कापतं. कुरळ्या, राठ केसांना हा त्रास जास्त.

त्यात गळ्यावर केस एका दिशेने उगवत नाहीत. बँकेत नोकरीला लागलेला एक मुलगा माझ्याकडे येतो. त्याचे गालावरचे केस खाली वळलेले, पण हनुवटीखाली डावीकडे कानाच्या दिशेने आडवे. तो तिथे रोज खालून वर रेझर ओढायचा, पुळ्याही नेमक्या तिथेच. त्याला महिनाभर रेझर बंद करायला लावला. ऑफिससाठी ट्रिमर, 1 मिलिमीटर ठेवून. सुरुवातीला खाज वाढली, ती वाढतेच. अडकलेला केस लांब झाला की आपसूक सुटतो. घाई असेल तर वर दिसणारं वेटोळं निर्जंतुक सुईने नुसतं उचला, उपटू नका. उपटल्यावर नवा येणारा केसही आतच वळू शकतो.

पुन्हा रेझर धराल तेव्हा एकाच पात्याचा घ्या. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवा, जिकडे खरखर लागते ती उलटी दिशा. आंघोळीनंतर फोम लावून दोन-तीन मिनिटं थांबा, मग कातडी न ताणता सुलट हात, शक्यतो एकदाच. गाल गुळगुळीत होणार नाही, आणि तेच हवंय. सलूनमध्येही 'उलटा हात नको' असं आधीच सांगा, नाहीतर सवयीने मारला जातो. तुरटीने रक्त थांबतं, अडकलेला केस सुटत नाही. स्पिरिटवाला आफ्टरशेव्ह तर सोडाच.

मेडिकलमधून खाजेची 'मिक्स' ट्यूब मात्र आणू नका. तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. खाज दबते, पण कातडी पातळ होते आणि नायटा असेल तर झाकून जातो. गोल पसरणारा चट्टा, हाताने सहज निघणारे केस, पू किंवा टणक गाठी दिसल्या तर ते माझ्या खुर्चीचं काम नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.