एकांकिकेची रंगयोजना ठरवताना

तुमच्या एकांकिकेत वडिलांच्या निधनानंतर दोन भाऊ वाड्याची वाटणी करायला बसतात, म्हणून रंग निवडण्याआधी संहितेतला भाव एका शब्दात लिहून काढा. मला तो 'ओसरलेपण' वाटतो. त्यासाठी भिंतींना मळकट पिवळा आणि लाकडी सामानाला काळपट तपकिरी रंग द्यावा, आणि दोन्ही भावांचे कपडे त्याच कुळातले, पण भिंतीपेक्षा स्पष्ट गडद ठेवावेत, नाहीतर माणसे भिंतीत विरघळतात. हे तपासायला नेपथ्यासमोर नट उभे करून मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढा; त्यात कपडा आणि भिंत एकाच करड्या छटेचे दिसले, तर कपडा बदला.

ठसठशीत रंग एकच असावा. इथे तो आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा ठेवावा, जे ट्रंकेतून निघेपर्यंत रंगमंचावर हिरवे काहीही दिसता कामा नये, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा.

खरी फसगत प्रकाशात होते. आमच्या एका प्रयोगात दुकानात सुंदर दिसलेली निळी साडी पिवळसर नारिंगी अंबर प्रकाशात मळकट करडी दिसली आणि प्रसंगाचा गारवाच हरवला. म्हणून कापड घेण्याआधी त्याचा हातभर तुकडा, ज्या रंगाचा जिलेटिन कागद दिव्याला लावणार आहात, त्याच प्रकाशात पाहा. पांढरा सदरा दिव्याखाली डोळ्यांत खुपतो. तो चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की चेहऱ्यावरची नजर हटत नाही.