मथळ्यात गाळलेलं कुठे सापडतं

प्रश्न: मी नागपूरला राहतो. मराठी पेपरांच्या मथळ्यांचे फोटो मला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर येतात, आणि दिल्लीच्या ऑफिससाठी त्यांची पूर्ण, साधी हिंदी वाक्यं करून पाठवायची असतात. शब्द सगळे कळतात, तरी वाक्य चुकतंच. कसं करावं?

उत्तर:

मी हेच काम करते, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत तर पहाटेपासून. तुमची गाडी अडते ती मथळ्यात नसलेल्या शब्दांपाशी. मराठी मथळा आधी क्रियापद उडवतो, आणि ‘किती’ व ‘केव्हा’ हे मराठीत पुष्कळदा क्रियापदच सांगत असतं. ‘शिक्षक निलंबित’ हा मथळा घ्या. शिक्षक, डॉक्टर, आमदार हे शब्द एक असो की दहा, सारखेच राहतात. ‘झाला’ की ‘झाले’ यावरून कळलं असतं, पण ते जागेसाठी गेलं. (आणि ‘झाले’ असतं तरी ते आदराचं आहे की अनेकांचं, हा घोळ उरलाच असता.) हिंदीत पूर्ण वाक्य लिहिताना मात्र ‘शिक्षक को’ किंवा ‘शिक्षकों को’ यातलं एक निवडावंच लागतं. ते अंदाजाने निवडायचं नाही. मथळ्याखालच्या पहिल्या परिच्छेदात, म्हणजे इंट्रोत, बहुतेकदा आकडा असतो.

म्हणून फोटो पाठवणाऱ्याला आधी सांगा की नुसता मथळा कापून पाठवू नका. मथळ्याच्या वरची बारीक ओळ, खालचा इंट्रो आणि पानाच्या माथ्यावरची तारीख, एवढं फ्रेममध्ये हवंच. वरची ओळ तर लोक हमखास कापतात, आणि बातमी कोणाबद्दल आहे ते नेमकं तिथेच लिहिलेलं असतं.

फोटोतली दुसरी भानगड अनुस्वाराची. ‘शेतकऱ्याचे उपोषण’ आणि ‘शेतकऱ्यांचे उपोषण’ यांत फरक एका टिंबाचा, आणि बातमी एकदम वेगळी. पेपरचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची शाई पुढे उमटते, त्यामुळे नसलेलं टिंब दिसतं. उलट तिरक्या फोटोत, घडीवर किंवा सावलीत असलेलं टिंब गायब होतं. पानाखाली काळा कागद ठेवून बरोबर वरून फोटो काढला की मागची शाई दिसेनाशी होते. तरी शंका राहिली तर आजूबाजूचे शब्द पाहा. ‘शेतकऱ्यांनी’मधल्या ‘नी’मुळे अनेकवचन कळतं (किंवा आदरार्थी), ‘शेतकऱ्याने’मधल्या ‘ने’मुळे एकवचन. ‘चे’ मात्र दोन्हीकडे तेच, म्हणून तिथे टिंबाशिवाय आधार नाही.

आता एक मथळा पूर्ण सोडवून दाखवते. हा मी नमुन्यासाठी बनवलेला आहे, खऱ्या घटनेचा नाही. वरची बारीक ओळ: ‘मारहाणीचे पडसाद’. मथळा: ‘मेडिकल सलाईनवर, निवासी आजपासून संपावर’. इंट्रोत समजा एवढंच आहे, की रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला मारहाण केली, निषेध म्हणून निवासी डॉक्टरांच्या संघटनेने बेमुदत संप जाहीर केला, आणि तातडीची सेवा सुरू राहील.

‘मेडिकल’ म्हणजे आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, हे नागपुरात लहान मूलही सांगेल. ‘मेयो’ म्हटलं की दुसरं सरकारी रुग्णालय. दिल्लीचा माणूस मात्र औषधाचं दुकान समजेल. तेव्हा पूर्ण नाव लिहा, शहराचं नाव जोडा. ‘निवासी’ म्हणजे निवासी डॉक्टर. हिंदीत नुसतं ‘निवासी’ ठेवलं तर रहिवासीच संपावर जातील. तिथे ‘रेजिडेंट डॉक्टर’ लिहावं.

मग ‘आजपासून’. इथे भलेभले घसरतात. सकाळचा पेपर आदल्या रात्री छापलेला असतो. बातमी लिहिली गेली तेव्हा संप सुरू झालेला नव्हता, फक्त जाहीर झाला होता. रात्रीतून बोलणी होऊन तो मागेही घेतला गेला असेल. म्हणून ‘हड़ताल पर हैं’ असं नाही, ‘हड़ताल की घोषणा की है’ असं लिहायचं. ‘आज’च्या जागी पानाच्या माथ्यावरची तारीख, इथे समजा १२ डिसेंबर, घालायची, कारण तुमचं वाक्य वाचणारा ते कधी उघडेल याचा नेम नाही.

राहिलं ‘सलाईनवर’. रुग्णालयच पेशंट झालं, असा तो टोमणा आहे. हिंदीत ‘सलाइन पर’ लिहिलं तर लोक खरीच बाटली शोधतील, आणि ‘सेवा ठप्प’ लिहिलं तर तुम्ही इंट्रोच्या पुढे गेलात, कारण तातडीची सेवा सुरू राहणार आहे. मी असं लिहीन:

‘नागपुर के शासकीय मेडिकल कॉलेज एवं अस्पताल के रेजिडेंट डॉक्टरों के संगठन ने एक रेजिडेंट डॉक्टर से मरीज के परिजनों द्वारा की गई मारपीट के विरोध में १२ दिसंबर से बेमियादी हड़ताल की घोषणा की है। आपातकालीन सेवा जारी रहेगी।’

मथळ्यात पाच शब्द होते आणि वाक्यं दोन झाली, त्याला इलाज नाही.

‘चा-ची-चे’पासूनही सावध राहा. आपल्या भागात ‘वाघाची शिकार’ हे वरचेवर छापून येतं. वाघाला कोणी मारलं, की वाघाने गाय मारली? व्याकरण दोन्हीला हो म्हणतं. स्वल्पविरामाच्या पुढचा तुकडा वाचा. ‘वाघाची शिकार, तिघे गजाआड’ म्हणजे ‘बाघ के शिकार के मामले में तीन लोग गिरफ्तार’. ‘गावाजवळ वाघाची शिकार, शेतकरी भयभीत’ असेल तर बहुधा वाघानेच जनावर मारलंय, पण इंट्रो पाहिल्याशिवाय तेही लिहू नका. इंट्रो फोटोत नसेल तर वाक्य अर्धवट पाठवा आणि कंसात सांगा, ‘किसने किसे मारा, चित्र में स्पष्ट नहीं’. वरिष्ठांना ते आवडत नाही. चुकीचं वाक्य पुढे गेल्यावर त्याहून कमी आवडतं.

कोट्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. कोटीला हिंदीत तशीच दुसरी कोटी शोधण्यात सकाळ घालवू नये. समजा मथळा आहे, ‘संत्रा उत्पादकांच्या तोंडाला यंदाही पानेच’. ‘तोंडाला पाने पुसणे’ हा वाक्प्रचार आहे, त्यातला ‘पुसली’ गाळला आहे, आणि फळगळीने झाडावर खरोखर पानंच उरली, हा दुसरा अर्थ काटोल-वरूडच्या वाचकाला लगेच कळतो. एखाद्याला ‘ठेंगा दिखाया’ सुचेल, पण मग ठेंगा दाखवणारा कोण, ते सांगावं लागतं आणि आरोप तुमच्या तोंडी येतो. इंट्रोत मदत मिळाली नाही एवढंच असेल तर ‘फल झड़ने से नुकसान उठाने वाले संतरा उत्पादकों को इस वर्ष भी सहायता नहीं मिली’ इतकं पुरे. पेपरचा सूर कळणं ऑफिसला गरजेचं असेल, तर खाली वेगळ्या ओळीत ‘शीर्षक व्यंग्यात्मक है’ असं लिहून द्या. मूळ वाक्यात तो सूर मिसळू नका.