तहसीलदाराचा रस्त्याचा आदेश: अधिकाराबाहेरची चूक आणि कागदावर उघड दिसणारी कायद्याची चूक

प्रश्न: काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांनी बागेतून शेजाऱ्याला रस्ता मोकळा करून द्यायचा आदेश दिला. एक वकील म्हणतात ही ज्युरिस्डिक्शनची चूक आहे, दुसरे म्हणतात रेकॉर्डवर उघड दिसणारी कायद्याची चूक. फरक काय आणि त्याने आम्हाला काय फरक पडतो?

उत्तर:

तहसीलदाराला त्या वादात हात घालायचा किंवा तसा हुकूम द्यायचा अधिकारच नव्हता, तर ती ज्युरिस्डिक्शनची चूक. अधिकार होता, पण निकाल देताना कायदा चुकला आणि ती चूक फाईल उघडताच दिसते, तर ती दुसऱ्या प्रकारची. व्यवहारात यावरून दोन गोष्टी ठरतात: हायकोर्टात तुम्हाला कोणते कागद दाखवता येतील, आणि आधी रिव्हिजन, म्हणजे वरच्या महसूल अधिकाऱ्याकडून आदेशाची फेरतपासणी, करावंच लागेल की नाही.

आधी कलम बघा. मामलेदार कोर्ट कायदा 1906 चा आहे. त्यातलं कलम 5 तहसीलदाराला रस्त्याबाबत जो अधिकार देतं तो मोजका आहे. शेती, चराई, झाडं किंवा पीक यासाठी वापरात असलेल्या जमिनीकडे जाणारा रस्ता किंवा वहिवाटीची वाट कोणी बेकायदा अडवली, तर तो अडथळा काढायचा. म्हणजे वाट आधीपासून हवी, ती अडवलेली हवी आणि पलीकडची जमीन शेतीची हवी. नवी वाट काढून द्यायची तर ती जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली, आणि तीही धुऱ्यावरून. ही दोन कलमं आपल्याकडे इतकी सर्रास एकमेकांत मिसळली जातात, की आदेश हाती आला की पहिल्यांदा तो कोणत्या कलमाखाली आहे ते वाचावं.

तुमची फाईल मी पाहिलेली नाही, म्हणून तीन आदेश कल्पून सांगतो.

पहिला. आदेशात लिहिलंय, "मौका पाहणीत पूर्वीचा रस्ता आढळून आला नाही, तथापि अर्जदारास जाण्यायेण्यास रस्ता नसल्याने गटाच्या मधून बारा फुटी रस्ता मोकळा करून द्यावा." हा अधिकाराबाहेरचा आदेश. जुनी वाट नाही असं ठरताच कलम 5 खाली देण्यासारखं काही उरलं नव्हतं. अर्जदाराची गरज खरी असेलही, पण तिच्यासाठी कायद्याने वेगळा मार्ग ठेवला आहे. अशी चूक आदेशाच्या मजकुरातही दिसते, म्हणून तुमचे दोन्ही वकील आपापल्या जागी बरोबर असण्याची शक्यता आहे. एकच चूक दोन्ही खान्यांत बसू शकते. तेव्हा ती अधिकाराची म्हणूनच मांडावी, कारण तिचा पल्ला मोठा.

दुसरा. आदेश वरवर नीट आहे. जुनी वाट होती, ती अडवली, असं लिहिलंय. पण अर्जदाराची जमीन दावा लावण्याआधीच अकृषिक झाली होती आणि तिथे प्लॉट पडले आहेत. नागपूरभोवती लेआउट वाढत गेल्यावर असे वाद उभे राहणारच. ती जमीन शेतीच्या वापरात नसेल तर कलम 5 लागूच होत नाही. ही गोष्ट आदेशात नाही आणि तहसीलदाराच्या फाईलमध्येही नसेल. तरीही एन.ए. आदेशाची प्रमाणित प्रत शपथपत्रासोबत जोडून ती हायकोर्टात दाखवता येते, कारण वाद अधिकार होता की नव्हता याचा आहे आणि तो ज्या वस्तुस्थितीवर उभा आहे ती कोर्ट स्वतः तपासू शकतं. कोणत्याही अधिकाऱ्याला अशी पायाभूत वस्तुस्थिती चुकीची ठरवून स्वतःकडे अधिकार ओढून घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रझा टेक्स्टाइल्स प्रकरणात सांगितलं आहे.

मात्र "वाट होती की नव्हती" हा प्रश्नही तसाच आहे असं समजून लोक फसतात. तो वाद ठरवण्यासाठीच तर कायद्याने तहसीलदाराला बसवलं आहे. पुरावा बघून त्याने वाट होती असं म्हटलं आणि ते चुकलं, तर ती अधिकारातली चूक झाली. वस्तुस्थितीचा असा निष्कर्ष हायकोर्टातल्या रिट याचिकेत बदलत नाही. अपवाद आहे तो निष्कर्षाला पुरावाच नसल्याचा: पंचनाम्यात वाट नाही, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या गावाच्या वहिवाटीच्या नोंदींत नाही, एकाही साक्षीदाराने सांगितलेली नाही, आणि तरी आदेशात ती आहे. पुराव्याशिवाय काढलेला निष्कर्ष ही कायद्याची चूक धरतात (सय्यद याकूब प्रकरण, 1964). "पुरावा कमी होता" एवढं म्हणून मात्र भागत नाही.

तिसरा आदेश जास्त वेळ घेऊन बघण्यासारखा आहे, कारण दुसऱ्या प्रकारच्या चुकीची हद्द त्यातच कळते. कलम 5 म्हणतं, कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा लावला नसेल तर तो दाखल करून घ्यायचा नाही, आणि कारण घडलं असं धरायचं ते अडथळा पहिल्यांदा सुरू झाला त्या दिवशी. समजा अर्जातच लिहिलंय की तारेचं कुंपण 12 जून 2023 ला घातलं, आणि अर्जावर तहसील कार्यालयाचा आवक शिक्का 24 जानेवारी 2024 चा आहे. सहा महिने 12 डिसेंबर 2023 ला संपले. आदेशात तहसीलदार म्हणतात, "विलंब क्षमापित करण्यात येतो." विलंब माफ करायची तरतूद मुदत कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे (दोन्ही कायद्यांत कलम पाचच, त्यामुळे घोटाळा होतो) आणि ती अपील व अर्जांना आहे, दाव्याला नाही; आणि रस्त्याचा हा अर्ज मामलेदार कोर्ट कायद्याच्या भाषेत दावाच आहे. इथे बाहेरचा एकही कागद लागत नाही, युक्तिवादही लागत नाही. दोन तारखा आणि एक कलम समोर ठेवलं की झालं. रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक म्हणतात ती ही.

आता थोडा बदल करा. अर्जदार म्हणतो, जूनमध्ये एक दिवस ट्रॅक्टर आडवा लावला होता, तो निघाला, कुंपण नोव्हेंबरमध्ये आलं. जूनचा आणि नोव्हेंबरचा अडथळा एकच की वेगळे? यावर दोन मतं होऊ शकतात, साक्ष वाचावी लागेल, बाजू मांडावी लागेल. तहसीलदाराचं मत चुकलं असलं तरी ती चूक आता उघड राहिली नाही. लांबलचक तर्काने सिद्ध करावी लागणारी आणि दोन मतं संभवतात अशी चूक उघड म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण हेगडे प्रकरणात म्हटलंय. तुमच्या मुद्द्याला मी अशी कसोटी लावीन: अर्ज, जबाब, पंचनामा, रोजनामा आणि आदेश एवढंच समोर ठेवून, कोणाचीही साक्ष न तोलता, चूक दोन-तीन वाक्यांत दाखवता येते का? येत नसेल तर त्या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

या कसोटीमागचा मोठा निकाल आपल्या नागपूरमार्गेच गेलेला आहे. 1952 च्या लोकसभा निवडणुकीत होशंगाबादला हरी विष्णू कामत 174 मतांनी हरले. विजयी उमेदवाराच्या 301 मतपत्रिकांवर नियमाने ठरवलेली खूण नव्हती. त्या बाद व्हायला हव्या होत्या हे निवडणूक न्यायाधिकरणाने मान्य केलं, पण खूण बरोबर असती तरी मतं त्यालाच पडली असती, म्हणून निकालावर परिणाम झाला नाही, असा तर्क लावला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि प्रकरण इथल्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1954 मध्ये हा निकाल रद्द केला: बाद मतांनी निकाल बदलतो का एवढंच कायदा विचारतो, नियम पाळला असता तर काय झालं असतं हा विचार कायद्यात नाहीच. न्यायाधिकरणाचा अधिकार निर्विवाद होता, वस्तुस्थितीवर वाद नव्हता, आणि चुकीचा तर्क आदेशातच लिहिलेला होता. म्हणूनच हा या प्रकारच्या चुकीचा सगळ्यात स्वच्छ नमुना वाटतो. त्याच निकालात न्यायालयाने हेही मान्य केलं की "उघड" म्हणजे नेमकं काय याची सर्व प्रकरणांना चालणारी व्याख्या करता येत नाही.

परिणामांकडे येतो. तहसीलदाराच्या आदेशावर अपील नाही, पण कलम 23 खाली जिल्हाधिकाऱ्याकडे रिव्हिजन आहे, आणि हा अधिकार सोपवलेला असल्याने ते बहुधा उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे चालतं. ते सोडून थेट सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की रिव्हिजन का नाही केलं. व्हर्लपूल प्रकरणाने (1998) सांगितलेल्या अपवादांत "संपूर्णपणे अधिकाराबाहेरचा आदेश" आहे, ऐकून न घेता दिलेला आदेशही आहे. नुसती कायद्याची उघड चूक नाही. म्हणून पहिल्या दोन आदेशांत थेट जायला जागा आहे, तिसऱ्यात माझ्या मते आधी रिव्हिजनच करावं. तिथे आदेश "बेकायदेशीर किंवा अयोग्य" असणं पुरतं, म्हणजे नोव्हेंबरच्या कुंपणाचा मुद्दाही मांडता येतो. हायकोर्टापेक्षा ती कक्षा तुम्हाला जास्त मोकळी आहे, हे बरेच लोक विसरतात.

मुदतीच्या मुद्द्यावर आणखी एक बारकावा आहे. मुदतीचा आक्षेप अधिकाराशी निगडित आहे असं पांडुरंग धोंडी चौगुले प्रकरणात म्हटलंय, आणि मुदतबाह्य दाव्यातला हुकूमनामा चुकीचा असला तरी शून्यवत नसतो असं इट्टियावीरा मथाई प्रकरणात. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा निघतो, की वरच्या कोर्टात ही चूक दुरुस्त होते, पण ती दाखवून आदेश मुळात नव्हताच असं म्हणता येत नाही. मुळात अधिकारच नसताना दिलेला आदेश मात्र अंमलबजावणीच्या वेळीही शून्य म्हणून दाखवता येतो (किरण सिंग, 1954). तरी त्या भरवशावर कुंपण तसंच ठेवून बसू नका. मंडळ अधिकारी पोलीस बंदोबस्त घेऊन येतील तेव्हा तुमच्या हातात स्थगितीचा कागद हवा.

आज करायचं काम म्हणजे संपूर्ण फाईलच्या प्रमाणित प्रती काढा, फक्त आदेशाच्या नको. रोजनामा आणि आवक शिक्क्याचं पान हमखास राहून जातं. मग वकिलांना सांगा की याचिकेत अधिकाराचे मुद्दे वेगळे आणि उघड चुकीचे वेगळे लिहा, आणि उघड चुकीच्या प्रत्येक मुद्द्यापुढे फाईलचा पान नंबर टाका. आदेशात कारणंच दिलेली नसतील तर उघड चूक शोधत बसू नका, कारण नसणं हाच तिथे मुद्दा आहे.