‘सोमवारी केबिनमध्ये ये, बोलायचंय’

“मॅडम, वर्षाच्या रिव्ह्यूला बोलावलं की माणसं घाबरूनच येतात. मान खाली, ‘हो सर, हो सर’ आणि निघून जातात. मी आवाजसुद्धा चढवत नाही. मग चुकतं कुठं?”

मार्च संपत आला की सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हमखास येतो. कधी विचारणारा साहेब असतो, कधी रात्रभर न झोपलेला कर्मचारी. हे गृहस्थ कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचे प्रॉडक्शन मॅनेजर. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.)

“बोलावता कसं?” मी विचारलं. त्यांनी मोबाईलच पुढे केला. शनिवारी संध्याकाळी रात्रपाळीच्या सुपरवायझरला गेलेला मेसेज: “सोमवारी 11 ला केबिनमध्ये ये. बोलायचंय.” खाली उत्तर: “ओके सर.” रविवारी सुट्टी. त्या सुपरवायझरनं घरी सांगून टाकलं होतं की बहुतेक काढणार.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं जाणारी. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, हे मी रोज पाहते. पण म्हणून ‘त्यानं अर्थ नीट लावायला हवा होता’ असं म्हणून साहेबांना मोकळं सोडणं मला पटत नाही. अर्थ लावायला त्याच्या हातात दिलं काय होतं? विषय नाही, वेळ किती लागणार ते नाही, आणखी कोण बसणार ते नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी विचारायला माणूसही नाही.

“मग चार ओळी जास्त लिहायला काय हरकत होती?” ते जरा थांबले. “सगळं आधी सांगितलं तर तो सबबी तयार करून येईल.”

पुढच्या दोन बैठका आम्ही या एका वाक्यावरच घालवल्या. मेसेज तुटक होता तो घाईमुळे नव्हे, हे मला तिथं दिसलं, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली तीच होती. मी विचारलं, “त्यानं खरंच कागद काढून दाखवले आणि तुमचं म्हणणं चुकीचं निघालं तर?” बराच वेळ ते टेबलावरचं पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, “मग माझी काय किंमत राहिली?” घाबरलेला माणूस केबिनमध्ये दोघांपैकी कोण, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

मग आम्ही मेसेज नव्यानं लिहिला:

“येत्या गुरुवारी दुपारी 3 ला तुझा वार्षिक रिव्ह्यू आहे, साधारण 45 मिनिटं. सगळ्या सुपरवायझरांचे त्याच आठवड्यात आहेत. आपण दोघंच असू. रात्रपाळीचं रिजेक्शन, नवीन पोरांचं ट्रेनिंग आणि पुढच्या वर्षी तुला काय हवंय, एवढं बोलू. रिजेक्शन वाढलंय, त्याबद्दल मला प्रश्न आहेत. तुझी नोंदवही घेऊन ये. पगारवाढीचं यात ठरणार नाही. वेळ जमत नसेल तर सांग.”

यातलं रिजेक्शनचं, म्हणजे तपासणीत नापास होणाऱ्या मालाचं, वाक्य साहेब गाळायला निघाले होते. मी ठेवायला लावलं. ‘काही नाही, नेहमीचंच’ असं लिहून आत गेल्यावर तक्रार काढली, तर पुढच्या वर्षी कितीही गोड मेसेज पाठवा, कुणी विश्वास ठेवणार नाही.

मेसेज शुक्रवारी सकाळी सगळ्यांना एकदमच गेला. एकालाच बोलावलं की शॉपमध्ये चर्चा सुरू होते. त्याआधी साहेबांनी प्रत्येकाला तोंडी सांगितलं, कारण चेहरा पाहून लोक निम्मं ओळखतात. महिनाभर आधी कळवलं असतं तर महिनाभर तीच धाकधूक. नोंदी काढायला चार-पाच कामाचे दिवस पुरतात. आणि रात्रपाळीच्या माणसाला सकाळी 11 ची वेळ म्हणजे त्याची झोपेची वेळ, हे साहेबांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं!

गुरुवारी सुपरवायझर वही घेऊन आला. इन्सर्टचा, म्हणजे धातू कापणाऱ्या टोकाचा, पुरवठादार बदलला त्या आठवड्यापासून एकाच भोकाचं माप सुटत होतं, हे त्यानं तारखेनिशी दाखवलं. ट्रेनिंगमधली ढिलाई मात्र स्वतःहून कबूल केली. सबब कुठली आणि कारण कुठलं, हे साहेबांना नोंदी समोर असल्यामुळेच वेगळं करता आलं.

मेसेज जमला की नाही, हे ओळखायची माझी खूण साधी आहे. उत्तरात ‘सर, काही गंभीर आहे का?’ आलं तर कुठंतरी जागा रिकामी राहिली; लगेच फोन करा. ‘कुठल्या महिन्यापासूनचे आकडे आणू?’ आलं तर काम झालं.

शिस्तभंगाचं प्रकरण असेल, तर मात्र ते रिव्ह्यूच्या नावाखाली उरकू नका. त्याची बैठक वेगळी ठेवा आणि विषय स्पष्ट लिहून कळवा. साहेबांकडे असं एक प्रकरण होतंच, तेही ‘रिव्ह्यूमध्येच बघू’ म्हणून बाजूला ठेवलेलं. ते त्यांनी यादीतून काढलं आणि दुसऱ्या दिवशी एचआरला सांगून त्याची वेगळी नोटीस तयार करायला घेतली.