ऑडिटमध्ये तोंडी पुरावा सगळ्यात खाली का धरतात?

प्रश्न : बाहेरून आलेला पुरावा, कंपनीच्या आतला, तोंडी आणि आपण स्वतः हिशेब करून काढलेला, यातला जास्त भरवशाचा कुठला? रोजच्या जगण्यातलं उदाहरण देऊन सांगाल का?

आमच्या तात्यांच्या उसाचं सांगतो. कोल्हापुरात सीएची आर्टिकलशिप करत होतो तेव्हाची गोष्ट, आणि एसए 500, म्हणजे ऑडिटच्या पुराव्याचं मानक, मला पुस्तकापेक्षा त्या काटापावतीवरच जास्त कळलं.

पावतीवर भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं वजन 28.640 टन, रिकामं 9.480 आणि निव्वळ ऊस 19.160 टन होता. तात्या म्हणाले, "तू हिशेबाचं शिकतोस न्हवं? बघ जरा." वजाबाकी केली, बरोबर. 3,400 रुपये टनाने गुणलं तर 65,144, तेही बरोबर. स्वतः केलेला हिशेब म्हणजे पक्का पुरावा, असं समजून मी पावती परत दिली.

तेवढ्यात ड्रायव्हर चहा पिता पिता बोलून गेला, "रिकामा काटा झालाच न्हाई की मालक. रांग लई होती, जुनंच वजन घाला म्हणाले."

हा तोंडी पुरावा. एवढ्यावर कारखान्याशी भांडता येत नाही. ड्रायव्हर विसरू शकतो, दोन खेपांची गल्लत करू शकतो आणि उद्या "मी असं म्हणालोच नाही" असंही म्हणू शकतो. पण कुठे खणायचं ते त्याने दाखवलं. तात्यांच्या वहीत त्याच गाडीच्या आधीच्या तीन खेपा होत्या, तिन्हींचं रिकामं वजन 9.120च्या आसपास. वही म्हणजे आतला पुरावा, आमच्याच हातचा. मग गाडी रिकामी करून खाजगी काट्यावर नेली आणि मी शेजारी उभा राहून आकडा बघितला : 9.120. फरक 360 किलोचा. डिझेलची टाकी काठोकाठ भरली तरी पन्नास-साठ किलोच्या वर जात नाही. पैशांत तो फरक 1,224 रुपये. कारखान्याने नंतर पावती दुरुस्त केली, दुसऱ्याच गाडीचं रिकामं वजन पडलं होतं.

आता तुमचा क्रम यात बघा. कारखान्याची पावती आमच्या दृष्टीने बाहेरचा पुरावा, पण ती देणाराच पैसे देणार होता. खाजगी काटेवाल्याला मात्र आकडा कमी आला काय नि जास्त आला काय, फरक पडत नव्हता. म्हणून पुरावा बाहेरचा असला तरी तो देणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे का, हे आधी विचारायचं. आणि माझ्या वजाबाकीने फक्त वजाबाकीच सिद्ध झाली. ज्या आकड्यांवर ती केली ते खरे आहेत का, हे फेरहिशेब कधीच सांगत नाही. क्रमवारी पाठ करणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकतं.

ऑडिटला लागल्यावर हेच उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत भेटलं. एका पंप कंपनीकडून 4,86,000 रुपये येणे, लेजरची बेरीज तंतोतंत. अकाउंटंटने शिलकीच्या खात्रीचं सही-शिक्क्याचं पत्रही आणून ठेवलं, आकडा तोच. पण ते पत्र त्याच्या हातून आलेलं. एसए 505 म्हणतं तसं पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायला हवं. आम्ही पंप कंपनीच्या हिशेब खात्याला स्वतः लिहिलं, उत्तर आलं 4,12,000. पहिल्या पत्रावर तिथल्या स्टोअरवाल्याने, समोर ठेवलेला आकडा न तपासताच, सही ठोकली होती.

मधले 74,000 ब्लोहोल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघालेल्या कास्टिंगचे, म्हणजे परत आलेल्या मालाचे. अकाउंटंट म्हणाला, "तो माल एप्रिलमध्ये आला साहेब, पुढच्या वर्षात घेणार होतो." पुन्हा तोंडी. मी गेटवर गेलो. वॉचमनचं आवक रजिस्टर, तेलकट बोटांचे डाग पडलेलं, आतलाच कागद. पण लिहिणाऱ्याला ताळेबंदाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि अकाउंट्सवाल्यांचा हात त्या रजिस्टरला लागत नव्हता. त्यात तो टेम्पो 22 मार्चला आत आल्याची नोंद होती. 74,000 त्याच वर्षात वजा झाले.